पिन सांगितला नव्हता, तरी पैसे गेले
(वार्षिक स्नेहमेळाव्यात कार्यकर्ते व हितचिंतकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितले तेव्हा विषय दिला होता, ‘मोबाइलवरून पैसे देताना सुरक्षितता’. मी बत्तीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसलो आणि निवृत्त झाल्यावर गेली काही वर्षे मोखाड्याकडच्या पाड्यांवर आपल्या केंद्राच्या कामात जातो. तेव्हा मोठ्या विषयात न शिरता एका ताईच्या खात्याचे काय झाले तेवढेच सांगतो. नाव सांगत नाही. तुमच्यापैकी काहीजण तिला ओळखतातही, तेही कृपा करून नाव घेऊ नका.

ही ताई आणि तिचा नवरा दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले होते. पावसाआधी परत आले. भट्टीच्या हिशोबाचे अठरा हजार चारशे रुपये तिच्या खात्यात जमा झाले होते. बाजाराच्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तिला फोन आला. बोलणारा मराठीच होता, अगदी अदबीने बोलत होता. म्हणाला, “ताई, तुमच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचे पैसे अडकलेत. तुमचा नंबर जोडला की लगेच जमा होतील.” मग त्याने व्हॉट्सॲपवर एक लांबलचक, अर्थ न लागणारा अक्षरांचा मजकूर पाठवला आणि सांगितले की हा असाच्या असा या नंबरवर मेसेज करा. तिच्या भाच्याने तो करून दिला. नंतर त्याने एटीएम कार्डवरचे शेवटचे सहा आकडे विचारले, कार्ड कुठल्या महिन्यात संपते ते विचारले, आणि शेवटी म्हणाला, “आता एक नंबर येईल तेवढा वाचून दाखवा.” तिने वाचून दाखवला. आकडे तिला येतात, इंग्रजी येत नाही.

मग ती पाड्यावर चालत गेली. तिथे रेंज नाही, टेकडीवर गेल्याशिवाय फोन लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली गावात किराणा घ्यायला आली आणि नेहमीसारखे फोनवरून पैसे द्यायला गेली, तर फोन म्हणाला पिन चुकीचा आहे. परत टाकला, परत चुकीचा. दुकानदार म्हणाला, “विसरली असशील.” ती तिथून थेट आपल्या केंद्रावर आली. तोवर फोनला रेंज आली होती आणि पैसे कापल्याचे दोन मेसेज येऊन पडले होते. एक तीन हजारांचा, एक दोन हजारांचा.

ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “भाऊ, मी पिन कुणाला सांगितला नाय.” आणि ते खरे होते. तिने पिन कुणालाच सांगितला नव्हता.

आपण सगळे लोकांना काय शिकवतो? ‘पिन सांगू नका.’ तिने आपले ऐकले होते. तरी पैसे गेले. म्हणून मला वाटले की आपण शिकवतो ते अर्धेच आहे, आणि उरलेले अर्धे समजायचे तर फोनवरून पैसे जातात तेव्हा कोण कोणाला काय विचारतो हे पाहायला हवे.

आपण सगळे ज्याला फोनने पैसे देणे म्हणतो ती बहुतेक यूपीआयची पद्धत आहे. एनपीसीआय या संस्थेने ती २०१६ साली सुरू केली. ॲप कोणत्याही कंपनीचे असो, पैसे बँकेतच असतात आणि बँकेतूनच जातात. ॲप म्हणजे फक्त काउंटरची खिडकी. मी काउंटरवर होतो तेव्हा पैसे काढायला आलेल्या माणसाचे पासबुक पाहायचो आणि सही ताडून पाहायचो. फोनवरही तेच चालते, पण तिथे समोर माणूस दिसत नाही, म्हणून बँक वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न ॲप नवीन घेताना एकदाच विचारला जातो, तो म्हणजे हा फोन कोणाचा. त्यासाठी ॲप तुमच्या सिमवरून आपोआप एक मेसेज पाठवते. त्या मेसेजमध्ये असाच गुंतागुंतीचा मजकूर असतो. तो ज्या नंबरवरून आला तोच नंबर बँकेत तुमच्या खात्याला जोडलेला असेल, तर बँक मानते की हा फोन तुमचा. त्यापुढे तो फोन हे तुमचे पासबुक झाले. नवीन फोन घेतला की हे सगळे पुन्हा करावे लागते, ते याचसाठी.

दुसरा प्रश्न पिन तयार करताना विचारला जातो. फोन तुमचा असेल, पण खाते तुमचेच कशावरून? तेव्हा एटीएम कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत विचारतात. काही बँका एटीएमचा पिनही विचारतात. कार्ड नसेल तर आधारवरून करता येते. हे सगळे दिल्यावर बँक तुमच्या नंबरवर ओटीपी पाठवते. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा आणि थोड्या मिनिटांत बाद होणारा आकडा. तो टाकला की बँक म्हणते, ठीक आहे, आता तुमचा पिन ठरवा. चार किंवा सहा आकड्यांचा.

इथे जरा थांबा. यूपीआयमध्ये किराण्याचे पैसे देताना ओटीपी येत नाही. तिथे पिन लागतो. ओटीपी येतो तो पिन पहिल्यांदा बनवताना किंवा विसरल्यावर नव्याने करून घेताना. कार्डाने ऑनलाइन किंवा नेटबँकिंगने पैसे देतो तेव्हा मात्र सहसा ओटीपी येतो, म्हणून लोकांच्या डोक्यात दोन्हींची सरमिसळ होते. पाड्यावरच्या बाईला हा फरक कळला पाहिजे, कारण तिच्यासाठी पिन ही पेटीची किल्ली आहे आणि ओटीपी हे नवी किल्ली करून घ्यायचे परवानगीपत्र आहे. आपण तिला किल्ली जपायला शिकवली, परवानगीपत्राचे काहीच सांगितले नाही.

आता त्या दुपारकडे परत जाऊ. तो माणूस स्वतःच्या फोनवर ॲप उघडून बसला होता. त्याच्या ॲपने जो मेसेज पाठवायला हवा होता, तो मजकूर त्याने ताईला दिला आणि तिच्या सिमवरून पाठवायला लावला. त्यामुळे यंत्रणेला वाटले की त्याच्या हातातला फोन ताईचाच आहे. पासबुक त्याच्याकडे गेले. मग कार्डाचे आकडे, मग ओटीपी, आणि त्याने नवा पिन करून घेतला. पिन हा ॲपचा नसतो, खात्याचा असतो. त्यामुळे त्याने नवा केला त्या क्षणी तिचा जुना बाद झाला. सकाळी दुकानात ‘पिन चुकीचा’ आले ते यामुळे. तिची आठवण पक्की होती.

ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. रोज वापरातला पिन अचानक चुकीचा ठरू लागला, किंवा ॲपने स्वतःहून पुन्हा नोंदणी करायला सांगितली, तर ‘विसरली असशील’ म्हणून सोडू नये. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा टाकतही बसू नये. पिन काही वेळा चुकला की बँक तो सहसा एक दिवसासाठी बंद करते आणि खरे कारण आणखी मागे पडते. आधी शिल्लक पाहावी, आलेले मेसेज पाहावेत. फोन अंगात रेंज असूनही अचानक मुका झाला, म्हणजे शेजारच्याच्या त्याच कंपनीच्या सिमला रेंज आहे आणि आपल्याला नाही, तर तेही संशयास्पद आहे. कुणीतरी आपल्या नावाचे दुसरे सिम काढले असण्याची शक्यता असते.

तुम्ही विचाराल, खात्यात अठरा हजार होते, तर पाचच हजार का गेले? त्या माणसाला दया आली असे नाही. नव्या फोनवर नोंदणी झाली की पहिले २४ तास पाच हजारांच्या वर पाठवता येत नाहीत. त्याने ती मर्यादा संपवली आणि उरलेल्यासाठी दुसऱ्या दिवशीचे चार वाजायची वाट पाहत बसला असणार. आम्ही सकाळी दहाच्या सुमारास १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर फोन लावला, तिथून तक्रार नोंदवली, आणि तिला घेऊन बँकेच्या शाखेत गेलो. शाखेने खात्याचे यूपीआय बंद केले, कार्ड बंद केले. तेरा हजार चारशे वाचले. गेलेले पाच हजार पुढच्या खात्यातून आधीच काढले गेले होते, ते मिळाले नाहीत.

बँकेवर राग काढायचा मोह मलाही झाला. पण रिझर्व्ह बँकेचे जुलै २०१७ चे परिपत्रक याबाबत स्पष्ट होते. ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाचीही चूक नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले की ग्राहकावर काही येत नाही. म्हणजे कळवण्याच्या वेळेला पैशांइतकी किंमत आहे. ती ताई दुकानदाराचे ऐकून घरी गेली असती, तर चारनंतर तिच्या खात्यात काय उरले असते कोण जाणे.

आता तिसऱ्या कुलपाकडे येतो. ॲप उघडताना बोटाचा ठसा, नक्षी किंवा फोनचाच आकडा विचारतात ते ॲप लॉक. फोन आत्ता कोणाच्या हातात आहे, एवढेच ते विचारते. ताईच्या फोनला ते लावलेले होते, आम्हीच लावून दिले होते. त्याचा त्या दिवशी काडीचा उपयोग झाला नाही, कारण चोराने तिचा फोन उघडलाच नाही, स्वतःचा वापरला. कुलूप तिच्या दाराला होते आणि तो दुसऱ्याच दाराने आला.

याचा अर्थ ॲप लॉक निरुपयोगी आहे असा नाही. फोन हरवला, बसमध्ये राहिला, तर पहिला अडसर तेच असते. आणि यूपीआय लाइट नावाची सोय आहे, तीत थोडे पैसे वेगळे काढून ठेवतात आणि छोट्या खरेदीला पिन विचारतच नाहीत. तिथे ॲप लॉक एवढेच काय ते राखण. पण पाड्यावर एक फोन चार जण वापरतात. मुलगा गाणी ऐकतो, पुतण्या खेळ खेळतो, सगळ्यांना फोनची नक्षी ठाऊक असते. काही फोनमध्ये तर तिघांचे ठसे घातलेले आढळले. अशा घरात ॲप लॉक म्हणजे ताटी. सगळा भार पिनवर येतो. म्हणून फोन उघडायचा आकडा आणि पैशाचा पिन एकच ठेवू नये, आणि मी ज्यांचे फोन पाहिले त्यांतल्या निम्म्यांहून अधिक जणांनी एकच ठेवला होता. अलीकडे पिनऐवजी ठसा किंवा चेहरा दाखवून पैसे देण्याचा पर्यायही आला आहे. शहरात एकट्याचा फोन असेल त्याने जरूर घ्यावा. सगळ्या घराच्या फोनवर मी तो लावून देत नाही.

चौथा प्रश्न दर व्यवहाराला विचारला जातो. हे पैसे द्यायला तुम्ही तयार आहात का? त्याचे उत्तर म्हणजे पिन. समजा तिला दुकानात तीनशे चाळीस रुपये द्यायचे आहेत. ती चौकोनी चित्रावर फोन धरते, दुकानदाराचे नाव येते, ती रक्कम टाकते, मग पिनचा पडदा उघडतो. तो पडदा ॲप कंपनीचा नसतो, एनपीसीआयचा असतो, म्हणून कुठल्याही ॲपमध्ये तो जवळपास सारखाच दिसतो. तिथे टाकलेले आकडे फोनमध्येच सांकेतिक होतात आणि तिच्या बँकेकडे जातात. ॲपवाल्याला ते दिसत नाहीत, दुकानदाराला तर नाहीच. बँक दोन गोष्टी ताडते, नोंदलेला फोन हाच का आणि पिन बरोबर का. दोन्ही जुळले तरच पैसे हलतात. त्यामुळे नुसता पिन ऐकून दुसऱ्या फोनवरून कुणाला काही करता येत नाही आणि नुसता फोन चोरूनही नाही.

पिन टाकणे म्हणजे सही करणे, आणि सही आपण पैसे देताना करतो. पैसे यायचे असतील तर पिन लागत नाही. तुम्ही मंडळी देणग्या याच मार्गाने पाठवता, तेव्हा हे तुमच्यासाठीही आहे. ‘तुमची देणगी दोनदा आली, परत पाठवतो, पिन टाका’ असा फोन आला तर तो आमचा नाही. आणि पिन टाकण्याआधी पडद्यावरचे नाव वाचा.

आता एक कबुली. ताईचे प्रकरण झाल्यावर मी माझी वही उघडली. बचत गटातल्या अकरा बायकांचे ॲप मी सुरू करून दिले होते. त्या म्हणायच्या, “भाऊ, तुम्हीच टाका काय तो नंबर, आम्हाला नाय कळत.” मी टाकले, आणि त्या विसरतील म्हणून वहीत नावापुढे लिहून ठेवले. बत्तीस वर्षे मी लोकांना कोऱ्या चेकवर सही करू नका म्हणून दटावले आणि इथे अकरा जणींच्या कोऱ्या सह्या माझ्या पिशवीत होत्या. त्यातली एखादी रक्कम उद्या हरवली असती, तर त्यांनी माझ्यावर संशय घेतला नसता. हेच मला जास्त लागले.

आम्ही सगळ्यांना बोलावले. पिन बदलायला जुना पिन पुरतो, ओटीपी लागत नाही, त्यामुळे काम सोपे होते. प्रश्न होता लक्षात कसा राहील याचा. एक आजी म्हणाल्या, “आकडा नको, बोट कुठून कुठे जातंय ते दाखव.” आणि खरेच, त्या पडद्यावर आकड्यांची मांडणी नेहमी तीच असते, त्यामुळे बोटाची वाट लक्षात राहते. वारली चित्रे काढणाऱ्या हातांना हे आमच्यापेक्षा सोपे गेले. फक्त सरळ उभी रेघ आणि १२३४ घेऊ दिली नाही, कारण चोरही आधी तेच करून पाहतो. बटणे दाबताना मी पाठ करून उभा राहिलो. वही नंतर चुलीत घातली.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या भागातच जास्त घडते. भट्टीवर गेलेली माणसे तिकडे नवे सिम घेतात, जुन्यात रिचार्ज टाकत नाहीत. नंबर काही महिने पडून राहिला की कंपनी तो बंद करते आणि पुढे दुसऱ्याला देते. बँकेत मात्र तोच नंबर राहतो. मग ओटीपी कोणाला जाणार? त्या अनोळखी माणसाला. तो बहुधा सज्जन असेल, पण पैसे कापल्याचे मेसेजही त्यालाच जाणार, आणि खात्यात काय चालले आहे ते आपल्या माणसाला कळणारच नाही. बँकेने यादीत पाहून असे नंबर काढायचे असतात, पण त्यावर विसंबून राहू नये. नंबर बदलला की पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जाऊन अर्ज द्यावा लागतो, आणि शाखा वीस-पंचवीस किलोमीटरवर असते, त्यासाठी एक मजुरी बुडते. म्हणून लोक टाळतात. यंदा भट्टीवरून परतणाऱ्या कुटुंबांसाठी एक दिवस ठरवून गाडी करायची आणि सगळ्यांना एकदम शाखेत न्यायचे असे आम्ही योजले आहे. ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांनी जून महिन्यातला एक दिवस द्यावा, नाव नोंदवायला मी शेवटच्या बाकाजवळ बसलो आहे.

त्या ताईचे काय झाले ते राहिले. नवे कार्ड आले, नवा पिन तिने स्वतः केला. परवा बाजारात भेटली. म्हणाली, “भाऊ, परत फोन आला होता. नंबर वाच म्हणाला. मी म्हटलं, आधी तुझ्या आयचा वाच.” आणि फोन ठेवून भाजी निवडायला लागली.